आयडल लूप: श्वास आणि वजन वेगवेगळे हाताळा

नवख्या अ‍ॅनिमेटरची आयडल लूप बहुतेकदा सारखीच असते. छाती वर-खाली होते आणि खांदे, डोकं, हात तिच्याच तालात हलतात. पात्र श्वास घेतंय असं न वाटता त्यात कोणी पंपाने हवा भरतंय असं वाटतं. म्हणून कुणाची लूप तपासताना मी छातीकडे नंतर बघते, आधी कंबर आणि पाय.

30 फ्रेम प्रति सेकंदाने 240 फ्रेमची, म्हणजे 8 सेकंदांची लूप घ्या. शांत उभ्या माणसाचा एक श्वास साधारण 4 सेकंदांचा, त्यामुळे यात दोन श्वास बसतात. वजन मात्र एकदाच डाव्या पायावरून उजव्यावर जाऊन परत येऊ द्या.

सुरुवात वजनापासून करा. पाय आयकेने जमिनीला बांधा आणि कंबर डाव्या पायावर न्या. ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर उचलली जाते, दुसऱ्या बाजूचा गुडघा सैल पडतो, आणि तोल सांभाळायला खांदे उलट्या बाजूला कलतात. हा कल नसेल तर कंबर सरकलेली दिसते, पण भार पडलेला दिसत नाही. डावी पोज 0 ते 70 धरा, 100 पर्यंत उजवीकडे या, 190 पर्यंत तिथेच थांबा आणि 225 पर्यंत परत या. भाराचा पायही पूर्ण ताणू नका. आयकेचा गुडघा सरळ झाला की एका फ्रेममध्ये झटका देतो, आणि तो प्रत्येक फेरीत दिसतो.

आता श्वास. आत घ्यायला 48 फ्रेम, सोडायला 60, मग 12 फ्रेमची विश्रांती. हालचाल छातीत, खांदे 4 फ्रेम मागून, हात त्याहून मागून. डोकं छातीबरोबर मागे जाऊ देऊ नका. मानेला थोडं उलटं फिरवून नजर स्थिर ठेवा. वजनबदल 70 व्या फ्रेमला, म्हणजे उच्छ्वासाच्या मध्येच सुरू होतो, हे मुद्दामच. दोन्ही एकाच फ्रेमला सुरू झाले की पुन्हा तोच पंप.

खांद्यांच्या कीज पुढे सरकवल्या की लूपचा जोड तुटतो. ब्लेंडरमध्ये आधी ग्राफ एडिटरमध्ये `Shift+E` दाबून `Make Cyclic (F-Modifier)` लावा, मग सरकवा. कर्व्ह दोन्ही टोकांना आपोआप पुढे चालू राहतो. प्रिव्ह्यूची शेवटची फ्रेम 239 ठेवा. 0 आणि 240 ही एकच पोज असते, दोन्ही दाखवल्या तर जोडापाशी हालचाल क्षणभर अडते.

डोकं खाजवणं, घड्याळ बघणं असलं काही या लूपमध्ये घालू नका. दर 8 सेकंदांनी तेच खाजवणं कुणाच्याही लक्षात येतं. ते वेगळ्या क्लिपमध्ये ठेवा आणि अधूनमधून वाजवा. त्या क्लिपची पहिली आणि शेवटची पोज मात्र या लूपच्या 0 फ्रेमशी जुळायला हवी.