उपचारासाठी पीएफमधून पैसे काढताय? आधी कारण नीट लिहा

कारखान्याच्या आस्थापना विभागात काम करत असल्यानं पीएफचे क्लेम भरून देणं हे माझं रोजचं काम आहे. घरात कुणी आजारी पडलं की माणूस घाबरलेला असतो आणि त्याच वेळी त्याला सल्ले मिळतात: 'काहीही कारण टाक, पैसे येतात', 'सगळी रक्कम माग, कापून देतील', 'एजंटला दोन हजार दे'. या तिन्ही सल्ल्यांनी क्लेम अडकलेले मी पाहिले आहेत. एजंट जे करतो ते तुम्ही स्वतः तासाभरात करू शकता. त्यासाठी तीन गोष्टी पक्क्या हव्यात: कारण कोणतं, रक्कम किती आणि पुरावा कशाचा.

यूएएन चालू आहे, आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं आहे आणि नाव सगळीकडे सारखं आहे, हे मी धरून चालतो. कंपनीचा पीएफ तिच्या स्वतःच्या ट्रस्टमध्ये असेल तर अर्ज पीएफ ऑफिसला न करता त्या ट्रस्टकडे करायचा. तुमचं ऑफिस कोणतं हे सदस्य क्रमांकाच्या पहिल्या अक्षरांवरून कळतं: PUPUN म्हणजे पुणे, THTHA म्हणजे ठाणे, MHBAN म्हणजे वांद्रे.

कारण: इथेच बहुतेक क्लेम अडतात

वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त त्रास मला याच टप्प्यानं दिला आहे. आजारपणासाठी मिळणारी रक्कम कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना 1952 मधल्या परिच्छेद 68जेखाली दिली जाते. ती परत करायची नसते आणि या परिच्छेदात किमान इतकी वर्षं नोकरी झालेली असावी अशी अट नाही. पण 'आजार' म्हणजे कुठलाही ताप-खोकला नव्हे. रुग्णालयात एक महिना किंवा त्याहून जास्त राहावं लागणं, मोठी शस्त्रक्रिया, किंवा क्षयरोग, कुष्ठरोग, पक्षाघात, कर्करोग, मानसिक आजार, हृदयविकार यांपैकी एखादा आजार, अशी कारणं नियमात नावानिशी दिली आहेत. आजार सदस्याचा स्वतःचा असू शकतो किंवा कुटुंबातल्या माणसाचा.

आता लोक काय लिहितात पाहा. 'घरगुती अडचण.' 'वैद्यकीय खर्च.' 'आईच्या औषधांसाठी.' यातलं एकही वाक्य नियमातल्या शब्दांशी जुळत नाही. टेबलावरच्या माणसाला तुमची आई किती आजारी आहे हे दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त तुमचं वाक्य असतं. म्हणून आजाराचं वैद्यकीय नाव, रुग्ण तुमचं कोण लागतो आणि नियमातली कुठली परिस्थिती लागू होते, या तीन गोष्टी एकाच वाक्यात आल्या पाहिजेत.

आमच्याकडच्या एका ऑपरेटरचं उदाहरण घ्या. बायकोच्या गर्भाशयात गाठी होत्या आणि गर्भाशय काढायचं ठरलं होतं. त्यानं आणलेल्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'पोटदुखी, उपचार चालू.' त्या चिठ्ठीचा काही उपयोग नव्हता. मी त्याला परत पाठवलं आणि रुग्णालयाच्या लेटरहेडवर चार गोष्टी मागायला सांगितल्या: निदान, शस्त्रक्रियेचं नाव आणि ती 'मोठी शस्त्रक्रिया' असल्याचा स्पष्ट उल्लेख, भरतीची तारीख, आणि खर्चाचा अंदाज. खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. डॉक्टर हे द्यायला नाही म्हणत नाहीत, त्यांना नेमकं काय हवं ते कुणी सांगत नाही एवढंच.

आणखी एक ताकीद. उपचाराचं कारण दाखवून टीव्ही किंवा गाडी घेऊ नका. खोट्या कारणावर काढलेली रक्कम वसूल होऊ शकते आणि अर्जावर सही तुमची असते, सल्ला देणाऱ्याची नाही.

रक्कम: पासबुकातली एकूण शिल्लक पाहू नका

68जेप्रमाणे दोन आकडे काढायचे आणि त्यातला लहान घ्यायचा. पहिला, सहा महिन्यांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता. दुसरा, तुमच्या स्वतःच्या वर्गणीची व्याजासह रक्कम. पासबुकात ती `Employee Share` या रकान्यात दिसते. मालकाचा हिस्सा यात धरायचा नाही. लोक नेमकं तेच करतात आणि मग 'दोन लाख असून एवढेच का दिले' म्हणून वाद घालतात.

आमच्या ऑपरेटरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 19,500 रुपये होता, म्हणजे सहा महिन्यांचे 1,17,000. त्याची स्वतःची वर्गणी व्याजासह 1,46,000 होती. लहान आकडा 1,17,000, ही त्याची कमाल मर्यादा. रुग्णालयाचा अंदाज 95,000 होता, म्हणून 95,000च मागितले. अंदाजपत्रकापेक्षा जास्त मागितलं की पुरावा आणि मागणी यांचा मेळ बसत नाही. तपासण्या, औषधं, रक्त यांचा खर्च वेगळा असेल तर तो डॉक्टरांकडून त्याच अंदाजपत्रकात लिहून घ्या.

एक अडचण मात्र खरी होती. ती 1,46,000 एका खात्यात नव्हती. 84,000 आधीच्या कंपनीच्या खात्यात पडून होते आणि सध्याच्या खात्यात 62,000 होते. क्लेम निवडलेल्या खात्यापुरताच चालतो, त्यामुळे तसाच अर्ज केला असता तर 62,000च्या वर काही मिळालं नसतं. शस्त्रक्रियेला अवकाश होता, म्हणून आधी जुनं खातं नव्यात वर्ग करून घेतलं आणि पासबुकात रक्कम दिसल्यावरच क्लेम टाकला. तारीख आठवड्यावर आली असेल तर मात्र वर्ग होण्याची वाट पाहू नका, आहे त्या खात्यातून काढा.

रकमेचे नियम सध्या बदलाच्या वाटेवर आहेत. 13 ऑक्टोबर 2025 रोजी केंद्रीय विश्वस्त मंडळानं रक्कम काढण्याच्या 13 तरतुदी एकत्र करून तीन गट करण्याचा निर्णय घेतला. आजार 'अत्यावश्यक गरजा' या गटात आला, किमान सेवा 12 महिने धरली आणि खात्यात 25 टक्के रक्कम शिल्लक ठेवायची असं ठरलं. म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर दिसणारी मर्यादा आणि कारणांची यादीच खरी धरा. कारण आणि पुरावा लिहिण्याची पद्धत तीच राहते.

अर्ज

पोर्टलवर `Online Services` मध्ये `Claim (Form-31, 19, 10C & 10D)` उघडा, बँक खातं तपासून घ्या, फॉर्म 31 निवडा, कारणात `ILLNESS` घ्या, रक्कम भरा आणि आधारच्या ओटीपीनं पाठवा. चेकचा किंवा पासबुकाचा फोटो चढवण्याची सक्ती एप्रिल 2025 मध्ये काढून टाकली आहे, त्यामुळे त्यासाठी सायबर कॅफेत पैसे घालवू नका.

2017 पासून आजाराच्या क्लेमला सदस्याची स्वयंघोषणा चालते, डॉक्टरांचा दाखला जोडण्याची सक्ती नाही. हे वाचून लोक दाखला घेतच नाहीत आणि तिथेच पस्तावतात. क्लेम आपोआप मंजूर झाला तर कुणी काही विचारत नाही. पण तो टेबलावर गेला किंवा नामंजूर झाला, तर घोषणेला आधार लागतो आणि तोवर रुग्ण घरी येऊन डॉक्टर सुट्टीवर गेलेले असतात. माझं मत ठाम आहे: आधी दाखला, मग क्लेम.

पत्र

ऑनलाइन जमत नसेल, किंवा क्लेम नामंजूर झाला असेल, तेव्हा पत्र लागतं. पहिल्या प्रसंगी ते कंपोझिट क्लेम फॉर्मसोबत द्यायचं, दुसऱ्या प्रसंगी तक्रारीसोबत. आमच्या ऑपरेटरच्या बँकेच्या शाखेचा आयएफएससी बदलला होता, तेवढ्यावरून त्याचा पहिला क्लेम परत आला. बँकेची नोंद दुरुस्त केली, क्लेम पुन्हा टाकला आणि सोबत हे पत्र दिलं:

> मा. क्षेत्रीय भविष्य निर्वाह निधी आयुक्त यांस,
>
> विषय: पत्नीच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी परिच्छेद 68जे अन्वये आगाऊ रक्कम मिळण्याबाबत.
>
> महोदय, माझा यूएएन … व सदस्य क्रमांक … आहे. माझा क्लेम क्र. … दि. … रोजी बँक तपशील जुळत नसल्याच्या कारणाने नामंजूर झाला. सदर तपशील मी दुरुस्त केला असून नवीन क्लेम क्र. … सादर केला आहे. माझी पत्नी … हिच्या गर्भाशयात गाठी असून गर्भाशय काढण्याची मोठी शस्त्रक्रिया आवश्यक असल्याचे डॉक्टरांनी दि. … रोजी प्रमाणित केले आहे. शस्त्रक्रिया दि. … रोजी असून अंदाजित खर्च रु. 95,000 आहे. तरी माझ्या वर्गणीतून रु. 95,000 मंजूर करावेत, ही विनंती.
>
> सोबत: डॉक्टरांचा दाखला, रुग्णालयाचे अंदाजपत्रक, पत्नीचे आधार कार्ड, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, बँक पासबुकाचे पहिले पान.

यात आर्जवं नाहीत, हप्ते थकल्याची कहाणी नाही. नामंजुरीचं कारण मात्र स्क्रीनवर जसं दिसतं तसंच लिहायचं, आपल्या शब्दांत नाही. त्याच कारणाचं उत्तर पहिल्या तीन वाक्यांत आलं पाहिजे. नात्याचा पुरावा लोक हमखास विसरतात. आईवडिलांसाठी अर्ज असेल तर ते तुमच्यावर अवलंबून असल्याचं एक वाक्य घाला. नावात फरक असेल, म्हणजे दाखल्यावर माहेरचं आणि आधारवर सासरचं, तर विवाह प्रमाणपत्रानं तो फरक मिटतो.

पत्राच्या दोन प्रती घ्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

नंतर

क्लेम पूर्ण असेल तर 20 दिवसांत निकाल लागायला हवा. तो न लागल्यास epfigms.gov.in वर तक्रार नोंदवा आणि शिक्क्याची प्रत जोडा. दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' हे शिबिर असतं, तिथे अधिकारी समोर बसलेले असतात. तिथेही मूळ दाखला, अंदाजपत्रक आणि शिक्क्याची प्रत एकाच फाइलमध्ये घेऊन जा आणि आधी क्लेम क्रमांक सांगा.