शेंगदाणा तेल घेताना या चुका टाळा: घाण्याचं, फिल्टर्ड आणि रिफाइंड

पहिली चूक म्हणजे रिफाइंड तेलातून ‘सगळंच काढून टाकलेलं असतं’ असं समजणं. रिफायनरीत कच्च्या तेलातला चिकट अंश आधी वेगळा करतात. मग कॉस्टिक सोड्याने मोकळी आम्लं साबणाच्या रूपात बाहेर काढतात आणि शोषक मातीतून तेल गाळून रंग उतरवतात. शेवटी निर्वात टाकीत २०० अंश सेल्सिअसच्या वर वाफ सोडून वास घालवतात. यात दाण्याचा स्वाद आणि रंग जातो, ई जीवनसत्त्व आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल्स काही प्रमाणात कमी होतात. मूळ स्निग्धांश मात्र जवळपास तोच राहतो. १०० ग्रॅम तेलात ९०० कॅलरी, मग ते लाकडी घाण्याचं असो की रिफाइंड. घाण्याचं तेल ‘हलकं’ म्हणून पळीभर जास्त घालणं म्हणजे तेवढ्या कॅलरी वाढवणंच.

दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. शेंगदाण्याला बुरशी लागली की त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि गाळताना राहिलेल्या बारीक कणांबरोबर ते तेलातही येऊ शकतं. रिफायनरीतल्या कॉस्टिक सोडा आणि मातीच्या प्रक्रियेत ते जवळपास निघून जातं. घाण्याच्या तेलाला ही चाळणी नसते, त्याची शुद्धता दाण्याच्या निवडीवरच ठरते. म्हणून घाण्यावर गेलात तर तेलाच्या रंगाआधी दाण्यांचं पोतं पाहा. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशीचे किंवा कुबट वासाचे दाणे निवडून काढलेले नसतील, तर तिथलं तेल घेऊ नका.

लेबल वाचताना बाटलीच्या दर्शनी भागावर थांबू नका, मागचं तेलाचं नाव आणि घटक वाचा. रिफाइंड तेलाच्या नावात ‘रिफाइंड’ हा शब्द असावाच लागतो. ‘फिल्टर्ड’ म्हणजे फक्त गाळलेलं. ते बहुधा एक्सपेलरचं, म्हणजे दाणे दाबून तेल काढणाऱ्या यंत्राचं असतं, आणि त्यात दाबामुळे तेल चांगलंच तापतं, त्यामुळे फिल्टर्ड म्हणजे कोल्ड-प्रेस्ड, न तापवता काढलेलं, असं धरून चालू नका. ‘ब्लेंडेड’ किंवा ‘मल्टी-सोर्स’ लिहिलेलं असेल तर कोणतं तेल किती टक्के ते शोधा. मोठं चित्र शेंगांचं आणि आत शेंगदाणा तेल २० टक्के, असंही असू शकतं. घटकांत आयएनएस ३१९ दिसलं तर ते टीबीएचक्यू, म्हणजे तेल खवट होऊ नये म्हणून मर्यादेत घालायला परवानगी असलेलं द्रव्य. ‘डबल रिफाइंड’, ‘अल्ट्रा रिफाइंड’ अशी विशेषणं खाद्यतेलाच्या लेबलवर लावायला आपल्या नियमांत मनाई आहे, त्यामुळे ती दिसली तर उत्पादकावरचा विश्वास कमी करा. ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ वाचून जास्त पैसे मोजू नका. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असतं.

मग निव्वळ वजन. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. समजा, लिटरची बाटली ३०० रुपयांना आणि किलोची पिशवी ३१५ रुपयांना आहे. पिशवीतल्या ९१० ग्रॅमची किंमत सुमारे २८७ रुपये पडते, म्हणजे पिशवी स्वस्त.

घाण्याच्या तेलाची किंमतही अशीच पडताळता येते. एक किलो दाण्यातून घाण्यावर सुमारे ४०० ग्रॅम तेल निघतं, म्हणजे लिटरला सव्वादोन किलो दाणे लागतात. दाण्याचा भाव १४० रुपये धरला तर नुसते दाणेच ३१५ रुपयांचे. पेंड विकून थोडे परत येतात, पण मजुरी आणि बाटली वर चढतेच. अशा भावात कोणी ‘शुद्ध लाकडी घाणा’ २०० रुपये लिटरने देत असेल, तर दुसरं कुठलं तेल मिसळलंय का ते विचारा.

भेसळ ओळखायला तेल फ्रिजमध्ये ठेवून पाहणं उपयोगाचं नाही. शुद्ध शेंगदाणा तेलही थंडीत धूसर होतं, घट्ट होतं. खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेतच तपासावं लागतं.

घरी आणल्यावरची नेहमीची तक्रार म्हणजे तळताना फेस येणं आणि लवकर धूर होणं. घाणा फिरवताना दाण्यावर थोडं पाणी शिंपडतात. त्याचा ओलावा, चिकट अंश आणि बारीक गाळ तेलात राहिला की फेस उसळतो आणि गाळ जळून तेल काळवंडतं, कडवट होतं. तेल दोन-तीन दिवस स्थिर ठेवून वरचं नितळ तेल वेगळं काढा, तळाचा गाळ कढईत जाऊ देऊ नका. न शुद्ध केलेल्या तेलाला साधारण १६० अंशांच्या आसपासच धूर येऊ लागू शकतो, रिफाइंडला २३० च्या सुमारास. तळण १७०-१८० अंशांवर होतं. त्यामुळे घाण्याचं तेल फोडणी, भाजी आणि चटणीवर ओतायला ठेवा, आणि दिवाळीच्या मोठ्या तळणाला रिफाइंड घ्या. तळलेलं तेल गाळून दोन-चार दिवसांत भाजीत संपवा.

घाण्याचं तेल पाच लिटर एकदम भरू नका. महिन्या-दीड महिन्यात संपेल तेवढंच, काचेच्या गडद बाटलीत किंवा स्टीलच्या डब्यात, शेगडीपासून लांब ठेवा. जुन्या तेलाच्या तळाशी नवं ओतलं तर जुना खवटपणा नव्यालाही लागतो, म्हणून डबा रिकामा करून, धुऊन, पूर्ण कोरडा झाल्यावरच भरा.