सर्वेक्षणातले रिकामे रकाने: या चुका टाळा

रत्नागिरी किंवा हर्णैसारख्या बंदरावर मच्छीमार कुटुंबांचं सर्वेक्षण केलं की उत्पन्नाचा रकाना हमखास अर्धवट येतो. मुलं एक्सेल शीट घेऊन येतात आणि विचारतात, "रिकाम्या ओळी काढून टाकू की सरासरी भरू?" हा प्रश्न तिसऱ्या पायरीचा आहे. आधीच्या दोन पायऱ्या गाळल्या जातात आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

पहिली पायरी म्हणजे रिकामं नक्की काय आहे ते ओळखणं. एकाच रकान्यात कोरी जागा, डॅश, 0 आणि 9999 असं सगळं सापडतं. 9999 हा माहिती भरणाऱ्याने "उत्तर नाही" म्हणून टाकलेला आकडा असतो. तो तसाच राहिला तर सरासरीत खरा आकडा म्हणून मोजला जातो. 0 जास्त फसवा आहे. जून-जुलैत मासेमारी बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. त्या महिन्यांत खलाशाने मासेमारीतून मिळालेलं उत्पन्न 0 सांगितलं तर ते खरं उत्तर आहे. तोच 0 ऑक्टोबरच्या रकान्यात दिसला तर शंका घ्या. सगळे 0 एका झटक्यात रिकामे करणं आणि सगळे रिकामे एका झटक्यात 0 करणं, दोन्हीही चूक. डिझेलच्या खर्चाचंही तसंच: बिगरयांत्रिक होडीवाल्याचा हा रकाना कोरा असेल तर माहिती गहाळ झालेली नाही, तो प्रश्न त्याला लागूच नाही. तिथे काही भरायचं नसतं.

दुसरी पायरी: कोण गप्प बसलं ते बघणं. त्यासाठी पायथॉनमध्ये दोन ओळी पुरतात.

```python
df["gahal"] = df["utpanna"].isna()
pd.crosstab(df["vyavsay"], df["gahal"], normalize="index")
```

समजा, 100 घरांच्या यादीत 40 नाखवे आहेत, म्हणजे बोटीचे मालक, आणि 60 खलाशी. हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे मुद्दाम गोल घेतो. नाखव्यांचं हंगामातलं खरं सरासरी उत्पन्न महिना 40,000 रुपये, खलाशांचं 15,000. सगळ्यांची खरी सरासरी 25,000. सगळ्या खलाशांनी उत्तर दिलं, पण 20 नाखव्यांनी आकडा सांगितला नाही. कुणाला कर्जाची भीती, कुणाला कराची. आत्ता आपण असं धरू की गप्प बसलेले आणि बोललेले नाखवे कमाईने सारखेच आहेत.

आता तिसरी पायरी. पहिला मार्ग: 20 ओळी काढून टाका. उरले 20 नाखवे आणि 60 खलाशी, सरासरी आली 21,250. पावणेचार हजारांनी गाव गरीब झालं. पण या 80 ओळींत नाखवा आणि खलाशी यांच्यातला फरक काढलात तर तो 25,000 येतो, म्हणजे अगदी बरोबर. ओळी वगळल्याने उत्तर एका बाजूला झुकतंच असं नाही. उत्तर देणं-न देणं फक्त व्यवसायावर ठरत असेल आणि तुमच्या तुलनेत व्यवसाय आधीच असेल, तर वगळणं चालतं. गावाची एकूण सरासरी हवी असेल तर चालत नाही. म्हणून "वगळू का?" याचं उत्तर तुमचा प्रश्न काय आहे त्यावर ठरतं.

आता दुसरा, फार लोकप्रिय उपाय: `fillna(df["utpanna"].mean())`. रिकाम्या 20 जागी 21,250 बसले. एकूण सरासरी तीच राहिली, 21,250. म्हणजे चूक सुधारली नाही. वर नाखव्यांची सरासरी 40,000 वरून 30,625 वर आली आणि नाखवा-खलाशी फरक 25,000 वरून 15,625 झाला. जे वगळून बरोबर येत होतं, तेही बिघडलं. शिवाय 20 घरं एकाच आकड्यावर उभी राहिल्यामुळे पसारा घटतो: 80 ओळींच्या हिशेबापेक्षा प्रमाण विचलन सुमारे 11 टक्क्यांनी कमी आणि सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरी किती इकडेतिकडे असू शकते याचा अंदाज, सुमारे 20 टक्क्यांनी कमी दिसते. माहिती वाढली नाही, खात्री मात्र वाढली. माझ्या मते इथे सांगतोय त्या चारही मार्गांत हा सगळ्यात वाईट, आणि सोपा असल्यामुळे सगळ्यात जास्त वापरला जाणारा. हे झालंय का ते ओळखायचं असेल तर रकान्याचा आलेख काढा. मधोमध एकच उंच सुळका दिसला की समजा.

तिसरा मार्ग: नाखव्यांच्या जागी नाखव्यांचीच सरासरी, 40,000. एकूण सरासरी 25,000 वर येते. पण खोटी खात्री राहतेच, कारण वीसही नाखवे तंतोतंत सारखे कमावतात असं आपण लिहून टाकलं.

म्हणून चौथा मार्ग, अनेक वेळा भरण्याचा, म्हणजे मल्टिपल इम्प्युटेशन. डोनल्ड रुबिन यांनी मांडलेली ही पद्धत. बंदरावर बोट कशी ओळखतात? दोन सिलिंडर, चार सिलिंडर, सहा सिलिंडर. गप्प बसलेल्या सहा सिलिंडरच्या नाखव्यासाठी तशाच बोटीच्या, तितकेच महिने समुद्रात जाणाऱ्या एखाद्या बोललेल्या नाखव्याचा आकडा उसना घ्यायचा, आणि हे वीस वेळा करायचं, दर वेळी थोडी वेगळी निवड. वीस उत्तरांमधला आपसातला फरक म्हणजेच आपल्याला न कळलेल्याचं माप. R मध्ये `mice` पॅकेजने हे असं होतं:

```r
imp <- mice(nakhva, m = 20, method = "pmm", seed = 7)
fit <- with(imp, lm(utpanna ~ 1))
summary(pool(fit))
```

इथे `nakhva` हा फक्त नाखव्यांचा तक्ता आहे. खलाशांच्या ओळी सोबत दिल्या तर त्यांचा सिलिंडरचा रकाना रिकामा दिसेल आणि `mice` बोट नसलेल्या माणसाला इंजिन देऊन मोकळं होईल. दुसरी चूक म्हणजे वीस संचांची आधीच सरासरी काढून एक शीट करणं. विश्लेषण प्रत्येक संचावर वेगळं करायचं, जोडायचं शेवटी. `pool` तेच करतं.

आता मघाचं गृहीतक मोडतो. मोठ्या कमाईचे नाखवेच जास्त गप्प बसले असतील तर? 1976 साली रुबिन यांनी मांडलेल्या वर्गवारीत हा सगळ्यात अवघड प्रकार: आकडा का गहाळ झाला, याचं कारण त्या आकड्यातच दडलेलं. वरची पद्धत बोललेल्यांचेच आकडे उसने घेते, त्यामुळे त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यापलीकडे ती जाऊच शकत नाही. आणि हातातल्या शीटवरून हा प्रकार आहे की नाही हे कुठलीही चाचणी सांगू शकत नाही.

मग काय करायचं? भरलेले आकडे मुद्दाम वाढवून बघायचे. नाखव्यांचे भरलेले 20 आकडे 20 टक्क्यांनी वाढवले, म्हणजे सरासरी 40,000 चे 48,000 केले, तर गावाची सरासरी 25,000 वरून 26,600 होते. 10, 20, 30 टक्के असं करून बघा आणि निष्कर्ष कुठे उलटतो ते अहवालात लिहा. वाढ किती धरायची हे बंदरावर विचारून ठरवा. लिलावात उभ्या असणाऱ्या मावशींना कुठल्या बोटीला किती मासळी लागते याचा अंदाज पक्का असतो.

पुढच्या वेळी फॉर्ममध्येच उत्पन्नाशेजारी एक छोटा रकाना ठेवा: सांगायचं नाही, घरी नव्हते, लागू नाही, माहीत नाही. दुपारी गेलात आणि बोट हाकणारा तांडेल समुद्रावर होता, हे कारण एक; नाखवा ओटीवर समोर बसून "ते राहू दे" म्हणाला, हे दुसरं. पहिल्या घरी होडी परतल्यावर पुन्हा जाता येतं. दुसऱ्याला नेमक्या आकड्याऐवजी टप्पे दाखवा: 20 हजारांखाली, 20 ते 40, 40 च्या वर. आकडा न सांगणारा टप्प्यावर बोट ठेवायला बऱ्याचदा तयार होतो, आणि तेवढा टप्पा हाती असला तर त्याच्यासाठी आकडा कुणाकडून उसना घ्यायचा हे नीट ठरवता येतं.