द्रोणाचार्यांना ‘तू’ की ‘आपण’? संस्कृत संवाद मराठीत आणताना या चुका टाळा

जत्रेच्या नाटकाची संहिता असो की कीर्तनाचा उत्तररंग, गोव्यात महाभारतातले संवाद मराठीत आणायची वेळ अनेकांवर येते. कथा ठाऊक असते, संस्कृतही बरंचसं कळतं, आणि तरी तालमीत एखादं वाक्य कानाला खटकतं. बहुतेक वेळा दोष आदरार्थी रूपांत असतो. संस्कृतात आदर दाखवायची रीत वेगळी आणि मराठीची वेगळी, हे लक्षात न घेता सर्वनामाला सर्वनाम लावत गेलं की घोळ सुरू होतो.

हा घोळ नीट पाहायचा तर गीतेच्या पहिल्या अध्यायातला दुर्योधन घ्यावा. तिसऱ्या श्लोकापासून अकराव्यापर्यंत तो बोलतो. समोर द्रोणाचार्य आहेत, म्हणजे गुरू, वयानं मोठे, शिवाय आपल्याच बाजूचे सेनानी. आता मूळ शब्द बघा. तिसऱ्या श्लोकात ‘पश्य’ आणि ‘तव शिष्येण’, म्हणजे सरळ एकवचन. सातव्यात ‘निबोध’ आणि ‘ते’ म्हणजे तुला, हेही एकवचन. आठव्यात एकदम ‘भवान्’. आणि अकराव्यात सगळ्या योद्ध्यांना उद्देशून ‘भवन्तः’.

पहिली चूक: त्वम् म्हणजे तू, भवान् म्हणजे आपण

असं गणित धरलं की मराठीत दुर्योधन तिसऱ्या श्लोकात म्हणतो ‘तुझ्या शिष्यानं’, सातव्यात ‘तुला सांगतो’ आणि आठव्यात ‘आपण, भीष्म आणि कर्ण’. प्रेक्षकाला वाटतं, हा आधी गुरूचा अपमान करत होता आणि मध्येच भानावर आला. मुळात असं काही घडलेलं नाही. संस्कृतात ‘त्वम्’ हे गुरूला, राजाला, देवाला सर्रास चालतं आणि त्यात उद्धटपणा नाही. ‘भवान्’ अधिक अदबीचं खरं, पण एकाच दमात दोन्ही वापरायला कुणाची हरकत नसते. चौथ्या अध्यायातल्या चौथ्या श्लोकात अर्जुन पहिल्या अर्ध्यात ‘भवतो जन्म’ म्हणतो आणि दुसऱ्यात ‘त्वमादौ प्रोक्तवान्’. मराठीत मात्र ‘तू’वरून ‘तुम्ही’वर जाणं ही नात्यातली घटना असते.

म्हणून अनुवादाला हात घालण्याआधी पात्रांच्या जोड्या कागदावर लिहाव्यात: कोण कुणाशी बोलतो आणि कोणत्या सर्वनामानं. दुर्योधन द्रोणांना ‘तुम्ही’, द्रोण दुर्योधनाला ‘तू’, अर्जुन भीष्मांना ‘तुम्ही’. एकदा ठरलं की मूळ सर्वनामाकडे त्यासाठी पुन्हा पाहायचं नाही. नात्यात खरोखर फरक पडला, उदाहरणार्थ भांडण झालं किंवा ओळख पटली, तरच रूप बदलायचं, आणि तेही जाणूनबुजून.

दुसरी चूक: आदर म्हणून सगळीकडे ‘आपण’

वर दुर्योधनासाठी ‘आपण’ न घेता ‘तुम्ही’ घेतलं, त्याला कारण आहे. तिसऱ्या श्लोकात दुर्योधनानं एक टोमणा मारला आहे. समोरचा व्यूह द्रुपदाचा मुलगा धृष्टद्युम्न यानं रचलाय, आणि तो द्रोणांचाच शिष्य. द्रोणांच्या वधासाठी जन्मलेल्या मुलाला द्रोणांनीच विद्या दिली, ही बोच ‘तव शिष्येण’ या दोन शब्दांत आहे. आता ‘आपल्या बुद्धिमान शिष्यानं रचलेली ही सेना’ असं लिहिलं, तर ऐकणारा ‘आपल्या’ म्हणजे आपणा सर्वांच्या असं धरू शकतो. टोमणा गेला. ‘तुमच्याच बुद्धिमान शिष्यानं’ म्हटलं की तो नेमका लागतो.

दुसरी अडचण सातव्या श्लोकात. ‘अस्माकं’ हे संस्कृतात एकच रूप. मराठीत त्याचे दोन वाटे होतात: ऐकणाऱ्याला धरून ‘आपले’, त्याला वगळून ‘आमचे’. द्रोण कौरवांच्याच बाजूला आहेत, तेव्हा दुर्योधनानं ‘आपल्या बाजूचे वीर’ म्हणायला हवं. ‘आमच्या’ म्हटलं की द्रोण परके ठरतात. पण द्रोणांना संबोधायलाही ‘आपण’ वापरत असाल, तर ‘आपल्या बाजूचे’ म्हणजे कुणाच्या, द्रोणांच्या की दोघांच्या, हे कळायला मार्ग उरत नाही. संबोधनाला ‘तुम्ही’ आणि दोघांना मिळून ‘आपण’ अशी वाटणी केली की गुंता सुटतो. ‘आपण’ राखून ठेवावं ते दरबारातल्या दूताला, शिष्टाईच्या भाषणाला, जिथं ‘आपण सगळे’ म्हणायची वेळ येत नाही.

आणखी एक फायदा इथल्या नटांच्या बाजूनं. घरात कोंकणी बोलणाऱ्याच्या तोंडी आदराचा शब्द ‘तुमी’ हाच असतो. लांब भाषणात त्याची जीभ ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर घसरते आणि एकाच वाक्यात दोन्ही येतात. संहितेतच ‘तुम्ही’ असेल तर ती भीती नाही.

तिसरी चूक: ‘आपण’ला तृतीय पुरुषी क्रियापद

‘भवान् गच्छति’ यात क्रियापद तृतीय पुरुषी असतं. त्याची नक्कल म्हणून ‘आपण जातात’, ‘आपण म्हणतात’, ‘आपण आले आहेत’ अशी वाक्यं पडतात, आणि हिंदीचा कान असला तर ती बरोबरही वाटतात. मराठीत आदराचं ‘आपण’ द्वितीय पुरुषाचं क्रियापद घेतं: आपण जाता, आपण म्हणता, आपण आला आहात. भूतकाळात सकर्मक क्रियापदाच्या शेवटी ‘त’ लागतो: ‘तुम्ही त्याला धनुर्विद्या शिकवलीत’. ‘तू’ला तिथं ‘शिकवलीस’. रोजच्या बोलण्यात हा ‘त’ गळतो, पण पौराणिक संवादात तो ठेवावा. अर्धा आदर त्या एका अक्षरात असतो.

विनंतीची रूपं मात्र खरोखर तृतीय पुरुषी वळणाची आहेत आणि ती आपल्याकडे जुनी आहेत. पसायदानातलं ‘आतां विश्वात्मकें देवें। येणें वाग्यज्ञें तोषावें’ हे त्याच बांधणीचं. इथं चूक होते ती शेवटात. ‘आपण बसावं’ हे बरोबर, कारण बसणं अकर्मक आहे. आदर वाढवायला म्हणून ‘आपण बसावेत’ करतात ते चूक. सकर्मक असेल तर रूप कर्माप्रमाणे फिरतं: ही सेना आपण पाहावी, हा शंख आपण फुंकावा, हे बाण आपण घ्यावेत. शेवटच्या वाक्यातला ‘त’ बाणांचा आहे, ऐकणाऱ्याच्या मानाचा नाही.

हे सगळं धरून तिसरा आणि सातवा श्लोक असा येतो: ‘आचार्य, पांडवांची ही प्रचंड सेना पाहा. तुमच्याच बुद्धिमान शिष्यानं, द्रुपदाच्या मुलानं, तिचा व्यूह रचलाय. आता आपल्या बाजूचे जे मोठे वीर आहेत तेही ध्यानात घ्या. माझ्या सैन्याचे नायक कोण, ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.’ यात ‘पाहा’ हे रूप ‘तू’ला आणि ‘तुम्ही’ला सारखंच आहे, त्यामुळे तिथून आदर कळत नाही. तो ‘तुमच्याच’, ‘घ्या’ आणि ‘तुम्हाला’ यांतून उभा राहतो. अकराव्या श्लोकात ‘भवन्तः सर्व एव’ आहे. तिथं ‘तुम्ही भीष्मांचं रक्षण करा’ एवढंच लिहिलं तर दुर्योधन अजून एकट्या द्रोणांशीच बोलतोय असं वाटतं, म्हणून ‘तुम्ही सगळ्यांनी’.

चौथी चूक: एका शंखाचे अनेक शंख

बाराव्या श्लोकापासून निवेदन सुरू होतं. भीष्म सिंहनाद करून शंख फुंकतात, मूळ ‘शङ्खं दध्मौ’. अनुवादात हमखास येतं: ‘भीष्मांनी शंख फुंकले’. लिहिणाऱ्याला वाटतं भीष्मांचा मान राखला. पण कर्ता तृतीय पुरुषी असला की सकर्मक भूतकाळात क्रियापद त्याच्याकडे बघतच नाही, ते कर्माप्रमाणे चालतं. भीष्मांचा मान ‘भीष्मांनी’मधल्या अनुस्वारात आणि ‘नी’त आहे, आणि तो तिथंच संपतो. ‘फुंकले’ म्हटलं की शंख अनेक झाले. शिवाय लगेच तेराव्या श्लोकात खरोखरच अनेक शंख आणि भेरी वाजतात. एकट्या शंखामागून उठणारा तो गदारोळ आधीच खर्च होतो. ‘भीष्म उठले’, पण ‘भीष्मांनी शंख फुंकला’, असं वेगवेगळं हवं.

चौदाव्या श्लोकात ‘शङ्खौ प्रदध्मतुः’ हे द्विवचन आहे, कृष्ण आणि अर्जुन मिळून. द्विवचन ही मोजणी आहे, त्यात आदर नाही. मराठीत नुसतं ‘त्यांनी शंख फुंकले’ लिहिलं तर ‘त्यांनी’ म्हणजे एक वडीलधारा की दोघे, कळत नाही. ‘दोघांनी आपापले शंख फुंकले’ लिहावं.

पाचवी चूक: देवाला मान देताना ओढाताण

मराठी माणूस देवाला एकवचनात हाक मारतो. ‘दुर्गे दुर्घट भारी तुजविण संसारी’ म्हणताना कुणालाही आपण उद्धट वाटत नाही. म्हणून ‘कृष्ण म्हणाला’ चालतं आणि ‘भगवान म्हणाले’ही चालतं. चालत नाही ते ‘भगवान श्रीकृष्ण म्हणाला’. उपाधी लागली की क्रियापद अनेकवचनी.

अर्जुनानं कृष्णाला काय म्हणावं हा खरा पेच. ज्ञानेश्वरीत तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो ‘देवा तुम्हीं’ म्हणतो, तेव्हा ‘तुम्ही’ला परंपरा आहे. तरी रंगमंचावर ‘तू’ बरं. ‘रथं स्थापय’चं ‘आपण रथ उभा करावा’ केलं तर सारथ्याशी बोलणारा मित्र एकदम कारकुनासारखा वाटतो. आणि अकराव्या अध्यायात ‘हे कृष्ण, हे यादव, हे सखे’ अशी हाक मारल्याबद्दल अर्जुन क्षमा मागतो. पहिल्यापासून तो ‘आपण, आपण’ करत आला असेल तर क्षमा कशाची?

स्त्री पात्रांकडे वेगळं लक्ष

‘कुंतीमाता म्हणाले’ हे तालमीत ऐकू येतं, कारण आदर म्हणजे ‘ते’चं रूप अशी समजूत. स्त्रीला ‘त्या’: कुंतीमाता म्हणाल्या. पण ‘कुंतीमातांनी सांगितलं’ केलं की अनेक माता उभ्या राहतात. तिथं ‘कुंतीमातेनं’ किंवा ‘कुंतीदेवींनी’. कोंकणीत तरुण मुलीला ‘तें’ म्हणतात, त्यामुळे विराटाची मुलगी उत्तरा हिच्याबद्दल बोलताना नटाच्या तोंडून ‘ते आलं’ निसटू शकतं. संहितेत अशा जागी ‘ती’ गाळू नये. वाक्य सर्वनामाशिवाय कळत असलं तरी ते छापील दिसलं की जीभ चुकत नाही.