बहुविधानी प्रश्न: आधी प्रत्येक विधान तपासा, मग पर्याय खोडा

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात राज्यघटना आणि भूगोलाचे बरेचसे प्रश्न एकाच साच्यातले असतात. अ, ब, क, ड अशी विधानं, खाली "वरीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत?" आणि मग "अ आणि क", "फक्त ब", "अ, क आणि ड" असे जोड्यांचे पर्याय. नव्याने अभ्यासाला लागलेल्यांना पहिला सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा एकच: एक चुकीचं विधान पकडा, ते ज्या पर्यायांत आहे ते खोडा, उरेल ते उत्तर. या सल्ल्याने वेळ वाचतो हे खरं. पण तो एका गृहीतकावर उभा आहे, की तुम्ही ज्याला चूक ठरवलंत ते खरोखरच चूक आहे. ते गृहीतक कोसळलं की काय होतं, ते एका प्रश्नावर पाहू.

राष्ट्रपतींबाबत पुढील विधाने विचारात घ्या.
अ) राष्ट्रपतींच्या निवडणुकीत संसदेचे फक्त निर्वाचित सदस्य मतदान करतात.
ब) या निवडणुकीत राज्यांच्या विधान परिषदांचे सदस्यही मतदान करतात.
क) महाभियोगाच्या ठरावावर संसदेचे नामनिर्देशित सदस्य मतदान करू शकतात.
ड) महाभियोगाचा ठराव फक्त लोकसभेतच मांडता येतो.
पर्याय: 1) अ आणि ब 2) अ आणि क 3) ब, क आणि ड 4) अ, क आणि ड

आता असा विद्यार्थी घ्या, ज्याला "नामनिर्देशित सदस्यांना राष्ट्रपतीच्या बाबतीत मत नाही" एवढंच पाठ आहे. नियम निवडणुकीचा आहे, पण त्याच्या डोक्यात तो सरसकट बसलाय. क वाचताच तो विधान चूक ठरवतो आणि खोडायला घेतो. क दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायात आहे, तिन्ही गेले. उरला पहिला. पंधरा सेकंदांत उत्तर मिळालं म्हणून तो गोल भरून पुढे जातो. ब त्याने नीट वाचलेलंच नसतं.

त्याच विद्यार्थ्याने, तीच चूक घेऊन, चारही विधानं स्वतंत्रपणे तपासली असती तर? अ बरोबर. ब चूक, कारण कलम 54 नुसार निर्वाचक मंडळात राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य येतात, विधान परिषदांचे येत नाहीत. क त्याच्या मते चूक. ड चूक, कारण कलम 61 नुसार आरोप संसदेच्या कोणत्याही सभागृहात ठेवता येतो. म्हणजे त्याचं उत्तर झालं "फक्त अ". आणि असा पर्यायच नाही! इथे तो थांबतो. चारपैकी कुठला तरी निर्णय चुकलाय हे प्रश्नानेच त्याला सांगितलं. आधी खोडत गेलेल्याला ही सूचना मिळतच नाही, कारण उरलेला एकमेव पर्याय नेहमीच बरोबर दिसतो.

जुळणारा पर्याय नसेल तेव्हा काय करायचं हेही ठरलेलं हवं. चारही विधानांची पुन्हा उलटतपासणी करू नका. ज्या निर्णयामागे सगळ्यात कमी आधार आहे तेवढाच उघडा. वरच्या उदाहरणात तो क आहे. कलम 54 मध्ये "निर्वाचित सदस्य" असे शब्द आहेत. कलम 61 मध्ये मात्र ठराव सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन-तृतीयांश बहुमताने मंजूर व्हावा लागतो, आणि एकूण सदस्यसंख्येत राज्यसभेचे 12 नामनिर्देशित सदस्यही मोजले जातात. त्यामुळे क बरोबर. उत्तर दुसरा पर्याय.

म्हणून क्रम असा ठेवा. पर्यायांवर हात किंवा पेन आडवं ठेवा आणि विधानं वाचा. प्रत्येक विधानाला रफ कामाच्या जागेत एक खूण द्या: खात्रीने बरोबर, खात्रीने चूक, किंवा प्रश्नचिन्ह. उत्तरपत्रिकेवर यातलं काही जाता कामा नये. पर्याय झाकायचं कारण साधं आहे. तीन पर्यायांत अ दिसला की मन आपोआप म्हणतं, अ बरोबरच असणार. मग विधान वाचताना आपण ते तपासत नाही, त्याला पुरावे शोधत बसतो.

"चूक" ही खूण कधी द्यायची, याला एक कडक अट लावून घ्या: त्या जागी बरोबर काय हवं ते सांगता आलं पाहिजे. ड चूक आहे, कारण "कोणत्याही सभागृहात" हवं. ब चूक आहे, कारण "विधानसभांचे" हवं. "असं कुठे वाचल्याचं आठवत नाही" हे विधान चूक ठरवायचं कारण नव्हे, ते प्रश्नचिन्ह. सरावात चुकलेल्या प्रश्नांच्या खुणा परत तपासल्या तर सगळ्यात जास्त घोळ इथेच सापडतो: न वाचलेली गोष्ट खोटी धरलेली असते.

खुणा झाल्या की मगच पर्याय उघडायचे, आणि सुरुवात सगळ्यात पक्क्या खुणेपासून करायची, अ पासून नव्हे. वरच्या प्रश्नात ब चूक आहे हे पक्कं असेल तर 1 आणि 3 गेले. उरलेल्या 2 आणि 4 मध्ये अ आणि क दोन्हीकडे आहेत, म्हणजे सगळा निकाल ड वर. क ला प्रश्नचिन्ह असलं तरी आता त्यावर डोकं खपवायची गरज नाही. पर्याय खोडण्याचा खरा उपयोग हाच आहे: उरलेला वेळ कुठल्या विधानावर घालवायचा ते कळतं. शंभर प्रश्नांना 120 मिनिटं, म्हणजे सरासरी 72 सेकंद. चार विधानांच्या प्रश्नाला त्याहून थोडा जास्त वेळ लागणार, तो एका ओळीच्या प्रश्नांतून काढायचा.

भूगोलात अडचण थोडी वेगळी असते. तिथे एकाच विधानात दोन-तीन दावे शिवलेले असतात. "कोयना नदी महाबळेश्वर परिसरात उगम पावते आणि कराड येथे भीमेला मिळते." पहिला भाग बरोबर, कराडही बरोबर, पण तिथे कोयना मिळते कृष्णेला. महाबळेश्वर आणि कराड ही दोन ओळखीची नावं दिसली की डोळे शेवटच्या शब्दावरून घसरतात. अशा विधानाला "आणि", "असून", "त्यामुळे" या जागी तिरकी रेघ मारून तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासा. एक तुकडा खोटा ठरला की पूर्ण विधान चूक. "त्यामुळे" असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते: दोन्ही तुकडे खरे असूनही दुसरा पहिल्यामुळे घडतो का?

दुसरी जागा म्हणजे व्याप्ती. "कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे" हे बरोबर. "कळसूबाई हे पश्चिम घाटातील सर्वोच्च शिखर आहे" हे चूक, कारण कळसूबाई 1,646 मीटर आणि केरळातलं अनैमुडी 2,695 मीटर. बदलला फक्त प्रदेश. तापीचंही तसंच: खानदेशातून वाहते म्हणून तिचा उगम महाराष्ट्रात असल्याचं विधान खपून जातं, उगम मात्र मध्य प्रदेशात मुलताईजवळ आहे. शिखर, नदी, धरण दिसलं की "कशाच्या हद्दीत?" हे आधी विचारायचं.

"फक्त" किंवा "सर्व" असे शब्द आले की विधान चूक, हा क्लासमधला लोकप्रिय ठोकताळा मात्र सोडून द्या. राष्ट्रपतींच्या प्रश्नात अ आणि ड दोन्हींत "फक्त" आहे. एक बरोबर, एक चूक. हे शब्द विधान चुकीचं करत नाहीत, विधानाचं कुठलं टोक तपासायचं ते दाखवतात.

"कोणते विधान चुकीचे आहे?" किंवा "बरोबर नाही?" असा प्रश्न असेल तेव्हा खुणांचा अर्थ बदलू नका. बरोबर विधानाला बरोबरचीच खूण, प्रश्न काहीही असो. प्रश्नातल्या "चुकीचे" भोवती गोल करा आणि उलटापालट अगदी शेवटी, पर्याय निवडताना करा. विधान वाचतानाच मनात उलटा हिशेब चालू केला की तिसऱ्या विधानापर्यंत गोंधळ होतो, विशेषतः विधानातच "नाही" असेल तर.

दोन पर्याय उरले आणि निर्णायक विधानाला प्रश्नचिन्हच असेल तर? राज्यसेवा पूर्वला चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या 25 टक्के गुण वजा होतात, म्हणजे 2 गुणांच्या प्रश्नाला अर्धा गुण. दोनपैकी एक निवडलं तर बरोबर आल्यास 2, चुकल्यास वजा अर्धा. सरासरी पाऊण गुण पदरात पडतो. तेव्हा उत्तर द्यावं. पण हा हिशेब तेव्हाच लागू, जेव्हा बाकीचे दोन पर्याय पक्क्या खुणांनी गेलेले असतात. प्रश्नचिन्हावर अंदाज बांधून पर्याय खोडलेले असतील, तर तुमच्याकडे दोन पर्याय उरलेले नसतात, तसा फक्त भास होतो.

यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत 2023 पासून "फक्त एक", "फक्त दोन", "तिन्ही", "एकही नाही" असे पर्याय मोठ्या संख्येने दिसू लागले. तिथे कुठलं विधान बरोबर ते विचारतच नाहीत, किती बरोबर तेवढंच विचारतात. एक पक्की चूक सापडली तर "तिन्ही" जातं, एक पक्कं बरोबर सापडलं तर "एकही नाही" जातं, त्यापुढे खोडायला काही उरत नाही. जुळणारा पर्याय नाही म्हणून मिळणारी सूचनाही इथे मिळत नाही, कारण कुठलीही संख्या पर्यायांत असतेच. दोन विधानांबाबत निर्णय चुकला तरी त्या दोन चुका एकमेकींना झाकून संख्या बरोबर येऊ शकते. त्यामुळे सराव तपासताना अशा प्रश्नात पर्याय जुळला एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक विधानाची खूण पुस्तकाशी ताडून बघा, आणि चुकीचं विधान वहीत दुरुस्त करून पूर्ण वाक्यात लिहा. "ड चूक" एवढंच लिहिलं तर महिन्याभराने त्या नोंदीचा काही उपयोग होत नाही. "महाभियोगाचा ठराव कोणत्याही सभागृहात मांडता येतो, 14 दिवसांची लेखी नोटीस, त्या सभागृहाच्या किमान एक-चतुर्थांश सदस्यांच्या सह्या" असं लिहिलं, तर पुढच्या वेळी याच कलमावर वेगळी चार विधानं आली तरी तपासायला हाताशी काहीतरी असतं.