कोकणातल्या वाडीची विहीर मचूळ होण्याआधी: नोव्हेंबर ते मे

नागपूरहून कोकणात जाऊन समुद्राकाठी नारळ-सुपारीची वाडी घेणाऱ्या मंडळींसाठी हा सल्ला आहे. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात आपल्याला एकच सवय लागलेली आहे: पाणी कमी पडलं की बोअर आणखी खोल न्या. किनाऱ्यावर हीच सवय विहीर घालवते. तिथं खाली पाणी आहे, भरपूर आहे, पण ते समुद्राचं आहे.

आपल्या भागातल्या लोकांना खारं पाणी म्हटलं की अकोला-अमरावतीचा खारपाणपट्टा आठवतो. तो प्रकार वेगळा. पूर्णेच्या खोऱ्यातलं मीठ तिथल्याच गाळात साठलेलं आहे, समुद्राचा त्याच्याशी आज काही संबंध नाही. किनाऱ्यावर मीठ बाहेरून येतं, आणि तुमच्या पंपाच्या ओढीनं येतं. म्हणून तिथं तुमच्या हातात थोडं काहीतरी आहे.

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. त्यामुळे वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभियंत्यांनी शंभरावर वर्षांपूर्वी मांडलेला हिशेब असा: विहिरीतली पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी असतं. पातळी एक फूट उतरली, की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला निघतं. ते लगेच पोचत नाही. पुरतं स्थिरावायला वर्षं लागतात. दोन्हींमधली सीमाही रेघेसारखी नसून मचूळ पाण्याचा पट्टा असतो. हा हिशेब रेताड जमिनीचा आहे. कातळात खाडीचं पाणी फटींतून येतं, तिथं या आकड्यांवर विसंबू नका.

एक वाडी धरू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. जमीन समुद्रसपाटीपासून बारा फूट उंच, विहीर अठरा फूट खोल, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्या सहा फूट खाली. नोव्हेंबरात पाणी आठ फुटांवर लागतं, म्हणजे सपाटीच्या चार फूट वर. हिशेबानं खाली एकशे साठ फूट गोडं पाणी. एप्रिलात तेच पाणी अकरा फुटांवर जातं, सपाटीच्या वर फक्त एक फूट उरतं. आता खारी सीमा चाळीस फुटांकडे सरकू पाहते, आणि तळापासून तिचं अंतर उरतं चौतीस फूट.

याच वाडीत कुणी ऐंशी फुटी बोअर मारली तर तिचं टोक सपाटीखाली अडुसष्ट फुटांवर येईल. दिवाळीत पाणी गोडं निघेल, घेणारा खूश होईल. उन्हाळ्यातली ओढ दरवर्षी चालू राहिली की काही हंगामांत तीच बोअर खारी होते. म्हणून जागा घेताना पाण्याची चव दिवाळीत नको, मेमध्ये बघा.

आता पंपाचं. उपसा सुरू झाला की विहिरीखालचं खारं पाणी उलट्या नरसाळ्यासारखं वर उठतं. ते नरसाळं तळापर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांशापुढे गेलं की सावरत नाही, ही नेहमी वापरली जाणारी मर्यादा आहे. चौतीस फुटांचा तिसरा हिस्सा अकरा फूट, त्याचा चाळिसावा भाग जेमतेम तीन इंच. एप्रिलात पातळी कायमची तेवढीच खाली राहिली तर चालेल. पाच एचपीची मोटर लावून विहीर तासाभरात कोरडी करणं म्हणजे मीठ आपल्या हातानं ओढणं.

पाणी किती लागतं तेही बघा. साठ नारळांना झाडामागे रोज पन्नास लिटर धरले तर तीन हजार लिटर होतात. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे एकशे पंच्याऐंशी लिटर. तीन इंचांत साडेपाचशे लिटर निघतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये पाचशे लिटर काढा, पातळी परत वर येऊ द्या, मग पुढचे पाचशे. दिवसात सहा पाळ्या. सेकंदाला एक लिटर देणाऱ्या लहान पंपाला एका पाळीला आठ-नऊ मिनिटं पुरतात. टायमर लावा, टाकी बांधा, टाकीतून ठिबक द्या. पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळाला नको, पाण्याच्या वरच्या थरात लोंबता ठेवा. जुन्या वाड्यांमध्ये बैलांचा रहाट सावकाश वरचंच पाणी काढायचा, हे त्याचं खरं वैशिष्ट्य होतं.

पाणी वाढवायचं तर आत्ताच, नोव्हेंबर संपायच्या आत. लोक छपराचं पाणी विहिरीत सोडतात, ते वाईट नाही. पण पावसाळ्यात रेताड जमीन आधीच भरलेली असते आणि जास्तीचं पाणी समुद्रालाच मिळतं. त्यापेक्षा वाडीमागच्या ओढ्याला अजून धार असताना सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा वनराई बंधारा घाला. पाऊस थांबल्यानंतर मुरलेलं पाणी एप्रिलपर्यंत कामी येतं. जवळ भरतीचं पाणी अडवणारा खारलँडचा बांध असेल तर त्याच्या उघाडीचं, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या दाराचं, झाकण भरतीला नीट मिटतं का ते पाहा. फटीतून आत आलेली भरती ओढ्यातून थेट तुमच्या विहिरीच्या कडेला पोचते.

मीठ चवीला कळेपर्यंत थांबू नका. पाण्यातल्या क्षारांचा अंदाज मायक्रोसिमेन्समध्ये देणारं, खिशात मावणारं ईसी मीटर आणा. एका बाटलीला दगड आणि दोरी बांधा, बुचाला दुसरी दोरी लावा. बाटली हव्या त्या खोलीवर सोडून बूच ओढलं की तिथलं पाणी भरतं. पंप बंद असताना वरचं आणि तळचं पाणी वेगळं मोजा. वर ८०० मायक्रोसिमेन्स आणि तळाला ३,००० आले, तर खारं पाणी खालून उठतंय, उपसा निम्मा करा. दोन्हीकडे सारखंच वाढलेलं असेल तर खाडी किंवा ओढ्याच्या बाजूनं शिरकाव शोधा. शंका असेल तर बाटली नागपूरला आणून क्लोराइड तपासा. प्रवासात ते बदलत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. त्यामुळे विहिरीत अवघं दोन टक्के समुद्राचं पाणी मिसळलं तरी जवळपास ३८० मिलिग्रॅमची भर पडते, आणि पिण्याच्या पाण्याची २५० ची इष्ट मर्यादा तिथंच ओलांडली जाते.

सिंचनाला ७०० मायक्रोसिमेन्सपर्यंत निर्धास्त, ३,००० च्या पुढे बहुतेक पिकांना धोका. नारळ बरंच सोसतो. सुपारी आणि आंबा लवकर पानांच्या कडा जाळून सांगतात. विहीर खारी झालीच, तर तळ खोल करू नका. पंप बंद ठेवून उन्हाळा टँकरच्या किंवा साठवलेल्या पाण्यावर काढा, आणि जुलैत पुन्हा वर-खाली मोजा. रेताड पट्ट्यातली उथळ विहीर बऱ्याचदा एक-दोन पावसाळ्यांत सुधारते. खोल बोअर तशी सुधारत नाही. तिचा खालचा भाग सिमेंटनं बुजवूनच टाका, नाहीतर ती बंद असतानाही खारं पाणी वरच्या थरात सोडत राहते.