शाळेतील अकरा वर्षे आणि रेझ्युमेची नवी मांडणी

सातारा जिल्ह्यातील एका खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत मी जून २०१२ ते एप्रिल २०२३ या काळात गणित आणि विज्ञान शिकवले. घरच्या कारणाने पुण्यात स्थायिक व्हावे लागले, तेव्हा शिक्षकी सोडून एमआयएस एक्झिक्युटिव्हच्या कामाकडे वळायचे मी ठरवले. कंपनीच्या निरनिराळ्या विभागांकडून आकडेवारी गोळा करायची, ती तपासायची आणि तिचे ठरावीक अहवाल तयार करायचे, असे हे काम असते. परीक्षा विभाग आणि शासकीय पोर्टलवरील नोंदी माझ्याकडे असल्यामुळे शाळेत मी हेच काम वर्षानुवर्षे करत आले होते. माझ्या रेझ्युमेतून मात्र ते कोणालाही दिसत नव्हते.

तो रेझ्युमे नेहमीच्या कालक्रमाने लिहिलेला होता. वर नाव, त्याखाली ‘सहाय्यक शिक्षिका’ हे पद आणि तारखा, मग आठवी ते दहावीचे अध्यापन, वर्गशिक्षिका म्हणून जबाबदारी, दहावीचा निकाल, विज्ञान प्रदर्शन आणि अगदी शेवटी ‘ऑनलाइन कामे’ एवढे दोनच शब्द. एकाच क्षेत्रात पुढे जाणाऱ्या माणसाला ही मांडणी शोभते, कारण त्याचे अलीकडचे पद हाच त्याचा सर्वांत मोठा पुरावा असतो. क्षेत्र बदलणाऱ्याचे तसे नसते. वाचणारा पहिल्या ओळीतले पद पाहतो, जाहिरातीतल्या पदाशी ते जुळत नाही म्हणून पुढे जातो, आणि उपयोगाची गोष्ट तळाशी पडून राहते.

यावर उपाय म्हणून मी जे पहिल्यांदा केले ते चुकले, आणि नव्याने प्रयत्न करणारे बहुतेक जण तिथेच चुकतात, म्हणून ते सविस्तर सांगते. मी पानभर कौशल्ये लिहिली आणि नोकरीच्या तारखा जवळजवळ काढूनच टाकल्या. शेवटी फक्त ‘अनुभव : ११ वर्षे’ असे लिहिले. हा रेझ्युमे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला दाखवला. ती आता पुण्यात उमेदवार निवडीचे काम करते. तिने तो वाचला आणि म्हणाली, “बाई, यातले कुठले काम तुम्ही कुठे आणि कधी केलेत, हे मला कळत नाही. तारखा दिसल्या नाहीत की आम्हाला वाटते, माणूस काहीतरी लपवतोय.” माझ्याकडे लपवण्यासारखे काही नव्हते, पण मांडणीच तसा संशय निर्माण करत होती. शिवाय अर्ज आधी संगणकप्रणालीतून जातो तेव्हा ती प्रणाली पद, संस्था आणि तारखा अशा जोड्या शोधते, आणि त्या सापडल्या नाहीत तर अनुभवाचा रकाना रिकामा राहू शकतो.

म्हणून जी मांडणी मी अखेर स्वीकारली ती मिश्र आहे. पहिल्या पानाच्या वरच्या भागात कौशल्ये पुराव्यासह येतात आणि त्याखाली नोकऱ्यांची छोटी, पण तारखांसह पूर्ण यादी कालक्रमाने राहते. त्या यादीत काम काय केले हे पुन्हा लिहायचे नसते. पद, संस्था, गाव, महिना आणि वर्ष एवढे पुरे. पदाचे नाव नेमणूकपत्रात आणि अनुभवाच्या दाखल्यात असेल तेच लिहावे. ‘डेटा मॅनेजर’ असे काही भारदस्त नाव घालण्याचा मोह मलाही झाला होता, पण रुजू होताना कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा पद आणि तारखा हेच आधी तपासले जाते.

कौशल्यांची शीर्षके कुठून घ्यायची, हा पुढचा प्रश्न होता. मी पुण्यातील या पदाच्या पंधरा जाहिराती छापून घेतल्या आणि पेन्सिलीने फक्त क्रियापदे अधोरेखित केली. माहिती गोळा करणे, तपासणे, दोन याद्या जुळवणे, दर महिन्याचा अहवाल देणे, इतरांना फॉर्म भरायला शिकवणे, अशी पाच-सहा कामे पुन्हा पुन्हा येत होती. ‘टीमवर्क’ आणि ‘उत्तम संवादकौशल्य’ हेही जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत होते, पण ते मी सोडून दिले, कारण ते एका ओळीत सिद्ध करता येत नाही आणि प्रत्येक उमेदवार ते लिहितोच. उरलेल्यांतून तीन शीर्षके झाली : माहितीची तपासणी आणि जुळवणी, ठरावीक मुदतीचे अहवाल, आणि वापरकर्त्यांचे प्रशिक्षण. तीनच्या वर जाऊ नये असे माझे मत आहे. चौथ्या शीर्षकाखाली माझ्याकडे एकच ओळ होती, आणि एकाच ओळीवर उभे असलेले शीर्षक बाकीच्यांचेही वजन कमी करते.

खरी मेहनत एकेक ओळ लिहिण्यात आहे. जुन्या रेझ्युमेतल्या ‘ऑनलाइन कामे’ या दोन शब्दांचे काय झाले ते पाहू. एका वर्षी यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या शासकीय पोर्टलवर विद्यार्थ्यांची माहिती भरताना आमच्या ६१२ विद्यार्थ्यांपैकी ८७ जणांची नोंद आधारमधील नोंदीशी जुळत नव्हती. विद्यार्थिसंख्येवरून शाळेची शिक्षकपदे ठरवणाऱ्या संच मान्यतेच्या दृष्टीने हे गंभीर होते, म्हणून ते काम मी हाती घेतले. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेतली, आधार क्रमांक आणि हजेरी क्रमांक धरून दोन याद्या `VLOOKUP` ने समोरासमोर आणल्या आणि प्रत्येक फरकापुढे कारण लिहिले. ४१ ठिकाणी नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक होता. २९ ठिकाणी जन्मतारीख वेगळी होती, आणि त्यांतल्या बऱ्याच नोंदींवर १ जानेवारी ही तारीख होती, कारण आधार काढताना घरच्यांनी फक्त वर्ष सांगितले होते. उरलेल्या १७ जणांच्या वडिलांच्या नावात किंवा आडनावात घोळ होता. कारण कळल्यावर कोणाला कोणता कागद आणायला सांगायचा हे ठरवता आले, आणि मुदतीआधी ७९ नोंदी जुळल्या.

हे सगळे सांगितले तर परिच्छेद होतो, आणि रेझ्युमेत तेवढी जागा नसते. मी स्वतःला चार प्रश्न विचारले : काय केले, किती नोंदींवर, कशाच्या साहाय्याने आणि त्यातून काय झाले. रेझ्युमे इंग्रजीत आहे, पण त्या ओळीचा आशय असा आहे : “६१२ नोंदींची दोन स्वतंत्र याद्यांमध्ये एक्सेलद्वारे पडताळणी केली; ८७ विसंगती कारणांनुसार वर्गीकृत करून त्यांतील ७९ मुदतीपूर्वी दुरुस्त करवून घेतल्या (माध्यमिक शाळा, २०२२).” शेवटच्या कंसाला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. प्रत्येक ओळ खालच्या कालक्रमातील एका ठिकाणाशी बांधलेली असली की, हे काम नेमके कुठले, हा विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न उरत नाही.

आपल्या क्षेत्रातले शब्द या ओळीत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. संच मान्यता, जनरल रजिस्टर, यू-डायस हे शब्द शिक्षकांना रोजचे आहेत, पण कंपनीत वाचणाऱ्याला ते परके आहेत. पहिल्या मसुद्यात ते सगळे होते. मी तो बँकेत नोकरी करणाऱ्या मावसभावाला अर्धा मिनिट वाचायला दिला आणि मग काढून घेऊन, काय लक्षात राहिले ते विचारले. त्याला फक्त ‘शाळा’ आठवत होती. शब्द बदलल्यानंतर तोच प्रयोग केला तेव्हा त्याने ८७ हा आकडा सांगितला. आकडे मात्र जुन्या फायलींतून तपासूनच घ्यावेत. मला आधी नव्वद-शंभर असे आठवत होते. प्रत्यक्ष यादी उघडल्यावर नेमकी संख्या कळली, आणि ती कारणांसह सांगता येत असल्यामुळे मुलाखतीत पुढे बोलताही आले.

काही गोष्टी मागे न्याव्या लागल्या, आणि त्याचे वाईट वाटले. दहावीच्या गणिताचा निकाल, ज्यासाठी मी सुट्टीतही वर्ग घेतले, तो या पदासाठी पुरावा ठरत नव्हता, म्हणून गेला. बी.एड. शैक्षणिक पात्रतेत शेवटी गेले. वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि खालचे प्रतिज्ञापत्र काढल्याने पाच-सहा ओळी मोकळ्या झाल्या. प्रशिक्षणाच्या शीर्षकाखाली वर्गातले अध्यापन न लिहिता, १४ सहकाऱ्यांना मूल्यमापनाच्या नोंदी एक्सेलमध्ये भरायला शिकवल्याची ओळ घेतली, कारण कंपनीतल्या कामाशी साम्य असलेला भाग तोच होता. नोकरी सोडल्यापासून जानेवारी २०२४ पर्यंतचे नऊ महिने कालक्रमात ‘स्थलांतर आणि एक्सेल व एसक्यूएलचा अभ्यासक्रम’ अशा एका ओळीने उघड दाखवले.

मजकूर तयार झाल्यावर एक तांत्रिक चूक झाली. मी इंटरनेटवरून दोन रकान्यांचा सुंदर नमुना घेतला होता, ज्यात डावीकडे कौशल्ये आणि उजवीकडे नोकऱ्या होत्या. पीडीएफमधला सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवला तेव्हा डावीकडची अर्धी ओळ आणि उजवीकडची अर्धी ओळ एकमेकींत मिसळून गेली. पानाच्या हेडरमध्ये लिहिलेला फोन नंबर तर आलाच नाही. अर्ज वाचणाऱ्या प्रणालीलाही असेच काही दिसण्याची शक्यता असते. मग तक्ते आणि चौकटी टाळून सगळे एका रकान्यात आणले आणि फोन नंबर नावाखाली साध्या ओळीत लिहिला. नोटपॅडमध्ये क्रम शाबूत राहिला की फाईल पाठवण्याजोगी झाली, असे समजायला हरकत नाही.

ही मांडणी सगळीकडे चालत नाही. सरकारी भरतीत ठरलेला फॉर्म असतो आणि तो कालक्रमानेच भरावा लागतो. नोकरीच्या संकेतस्थळांवरही प्रोफाइल पद आणि तारखा यांनुसारच भरावी लागते, त्यामुळे कौशल्ये वर आणण्याची जागा तिथे शीर्षकाच्या ओळीत आणि कौशल्यांच्या रकान्यात उरते. प्रोफाइलमधल्या आणि फाईलमधल्या तारखा मात्र महिन्यासकट एकच असाव्यात. आणि ज्याच्याकडे नव्या क्षेत्राशी जुळणाऱ्या आठ-दहा ओळींचाही पुरावा नाही, त्याने आधी एखादे छोटे काम किंवा प्रकल्प करून तो मिळवावा, कारण पुराव्यावाचून कौशल्ये वर आणली तर उणीवच आधी दिसते.

मी आता एक मूळ फाईल ठेवली आहे, ज्यात अशा सुमारे तीस ओळी आकड्यांसह आहेत. जाहिरात अहवालांवर भर देणारी असेल तर ते शीर्षक वर येते आणि जुळवणी दुसऱ्या क्रमांकावर जाते. ज्या मुलाखतीतून मला सध्याचे काम मिळाले, तिथे पहिला प्रश्न होता, “उरलेल्या आठ नोंदींचे काय झाले?” त्यांतली पाच मुले ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गावाबाहेर गेली होती आणि तिघांच्या आधार दुरुस्तीची पावती मिळाली होती पण बदल झालेला नव्हता, हे मी सांगितले, आणि पुढची वीस मिनिटे आम्ही त्या यादीवरच बोलत होतो.